हैबतीच्या सहा खेपा

मुंबईच्या धक्क्यावर हैबती सात वर्षं हमाली करत होता. कोकणातून येणाऱ्या आगबोटींचा माल उतरवायचा, तो पत्र्याच्या छपराखाली लावायचा, आणि ज्याचा त्याने ओळखून नेला की जागा झाडून काढायची. या झाडण्याच्या वेळी त्याचा जीव खालीवर व्हायचा. कारण उरलेली गाठोडी असायची. कुणाच्या तरी आईने जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून गावच्या कुणाकडे तरी दिलेली. त्याने बोटीवर दुसऱ्याच्या हवाली केलेली. आणि तो दुसरा धक्क्यावरच्या गर्दीत विसरून निघून गेलेला. आठ दिवस वाट बघून मुकादम ती समुद्रात टाकायला लावी. एकदा असंच एक बोचकं हैबतीच्या हातात फुटलं. कुळथाचं पीठ, चार सुक्या बोंबलांची जुडी, आणि लहान पोराच्या मापाचं शिवलेलं अंगडं. पीठ पावसाने भिजून आंबलं होतं. हैबती ते हातात घेऊन उभाच राहिला, तेव्हा मुकादमाने त्याला शिवी हासडली.

पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. तिथल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांच्या घराघरातला एक तरी गडी मुंबईला. हैबतीच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. आपली स्वतःची मोटारलॉरी असावी. दासगावच्या बंदरावरून पोलादपुरापर्यंत ती धावावी. महाडात एक वखार, परळात एक खोली, दोन्हीकडे पावत्या लिहिणारा एकेक कारकून. आईने बांधलेलं गाठोडं तिच्या पोराच्या हातात पडलंच पाहिजे, आणि पोराने पाठवलेलं लुगडं आईच्या हातात. याच्यासाठी लोक पैसे देतील, याची त्याला खात्री होती.

त्या दिवाळीला तो नोकरी सोडून आला आणि तडक महाडच्या बाजारात रावजीशेटच्या दुकानात गेला. रावजी म्हणजे किराणा दुकानदार, पन्नाशी उलटलेला, मितभाषी. मागे एकाच्या नादाने मोटारीत पैसे घालून हात पोळलेला. हैबतीने लॉरीपासून कारकुनापर्यंत सगळं सांगितलं. रावजीने मध्ये दोन गिऱ्हाइकांना गूळ तोलून दिला आणि मग विचारलं, "यातलं नक्की काय रे लोकांना हवंय? लॉरी?"

"लॉरी कशाला? गाठोडं पोचायला हवंय."

"मग लॉरी नंतर बघू. वखारही नंतर, कारकूनही नंतर. ते पैसे टाकले की मिळतात. पैसे टाकून मिळत नाही अशी यात एकच गोष्ट आहे. डोंगरातली बाई पोटच्या पोराचा खाऊ तुझ्या हातात देईल का? आणि वर मोल देईल का? तेवढंच आधी पाहा. त्याला एक पाटी आणि तुझे पाय पुरेत."

हैबतीचा चेहरा पडला. सात वर्षं लॉरीचं स्वप्न बघायचं, आणि शेट सांगतो डोक्यावर पाटी घे.

रावजी म्हणाला, "सहा खेपांचं बोटभाडं मी देतो. त्याच्यावर एक दिडकी नाही. शिमग्यापर्यंत सहा खेपा कर. पण फुकट नेऊ नकोस, फुकट म्हटलं की सगळीच देतील, आणि आपल्याला काहीच कळणार नाही. गाठोड्याला दोन आणे घे. स्वतःच्या भावकीचं धरू नकोस, ते भिडेपोटी देतात. आणि पहिल्या खेपेला किती जणींनी दिलं ते मला सांगू नकोस. दुसऱ्यांदा कुणी दिलं ते सांग."

असं ते ठरलं. हैबतीची बायको आवडी हसली. "मुंबईची हमाली सोडून गावची हमाली!" म्हणाली, पण वेताची मोठी पाटी तिनेच माळ्यावरून काढून दिली.

पहिल्या खेपेला नऊ गाठोडी मिळाली. ओळखपाळख नसलेल्या दारात उभं राहून दोन आणे मागताना हैबतीला घाम फुटला होता. डोंगर उतरून महाड, महाडहून दासगाव, तिथून लाँचने बाणकोट, मग आगबोट. वाटेत खाडीतल्या तुडीलच्या वळणावर भरतीची वाट बघत लाँच तास-दोन तास उभी राहिली, तरी त्याने पाटीवरचा हात काढला नाही. मुंबईत तो चाळीचाळीतून फिरला, नऊच्या नऊ गाठोडी नऊ हातांत दिली आणि परत येऊन नऊ घरांत सांगून आला. दुसऱ्या खेपेला नऊपैकी सात जणींनी पुन्हा दिलं, आणि नवीन चार मिळाल्या. रावजीशेटने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याला दुकानात आत बसवून चहा पाजला.

पण हैबतीला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं. गाठोडी लहान होत चालली होती. ठमाबाई नावाच्या म्हातारीने तिसऱ्या खेपेला दिली ती जेमतेम मूठभर पोह्यांची पुरचुंडी. आणि वर पदराच्या गाठीतून दोन आणे काढले.

"आजी, एवढ्याशा पोह्यांना दोन आणे? त्यात मुंबईत शेरभर येतील."

"पोह्यांचं कोण देतंय रे?" म्हातारी म्हणाली. "तू माझ्या नातवाला बघून येतोस ना? मागल्या वेळी बोललास, त्याने दाढी राखलीय, आणि पोहे बघून हसला. मी आठ दिवस तेवढंच घेऊन बसले. हात हलवत कसं पाठवू तुला, म्हणून पोहे."

त्यानंतर हैबतीने नीट लक्ष दिलं. आणलेल्या जिनसेकडे बायका नंतर बघत. आधी विचारत ते एकच: कसा हाय? अंगाने भरलाय का? अंगात सदरा कसला होता? माझं नाव काढलं का? तो पोचला की अंगणात चार घरच्या बायका गोळा होत आणि तो एकेकीला सांगे. सांगण्याची हातोटी त्याला होती. कुणाचा पोरगा जेवताना डाव्या हाताने माशी वारतो, कुणाच्या नवऱ्याने खोलीत तुळशीचं रोप डब्यात लावलंय, असं बारीकसारीक तो टिपून आणी. बाया ऐकता ऐकता डोळे पुसत आणि हसतही.

हे त्याने रावजीला सांगितलं तेव्हा शेटने हातातली तागडी खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं झालं लॉरी घेतली नाही. लॉरीला डोळे कुठून आणले असते? म्हणजे वाढवायचं झालं, तर तुझ्यासारखी आणखी दोन माणसं शोधायला हवीत. बघून येणारी आणि खरं सांगणारी."

खरं सांगणारी. तिसऱ्या खेपेला बनुबाईच्या बाबतीत हैबतीने खरं सांगितलं होतं. तिचा नवरा कुशाबा गुत्त्यात पडलेला त्याला सापडला होता, तिने पाठवलेलं तूप त्याने तिथल्या तिथे विकलं होतं. हैबतीने ते जसंच्या तसं सांगितलं, आणि तेही अंगणात, चारचौघींत. बनुबाई उठली. आत जाऊन तिने दार लावून घेतलं. चौथ्या खेपेला तिने गाठोडं दिलं नाही, आणि तिच्या शेजारच्या दोघींनीही दिलं नाही. आपल्या घरचं असंच उघड्यावर येईल, ही धास्ती. तीन घरं एका बोलण्याने गेली. "आडोशाला घेऊन सांगायचं होतं," आवडी म्हणाली. पण हैबतीने त्यातून धडा घेतला तो वेगळाच. वाईट सांगितलं की दार बंद होतं.

तिसऱ्या वाडीत राहीबाई राहायची. नवरा केव्हाच गेलेला, एकच मुलगा सोनबा. तो मुंबईला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. गावकऱ्यांच्या मुंबईतल्या खोलीत त्याचं कुणाशी तरी भांडण झालं होतं, म्हणून तो दूर शिवडीकडे घाटावरच्या गड्यांत राहायचा. त्यामुळे त्याची खबर गावच्या माणसांकडून येत नसे. आई-मुलगा दोघांनाही अक्षर येत नव्हतं. दोघांच्या मध्ये होता तो एक हैबतीच. पहिल्या खेपेपासून तिने एकदाही खंड पाडला नव्हता, आणि हैबतीला घोटभर ताक प्यायल्याशिवाय तिने कधी जाऊ दिलं नव्हतं.

पाचव्या खेपेला सोनबा खोकत होता. "कापसाची धूळ," तो म्हणाला, आणि हैबतीने राहीबाईला खोकल्याचं सांगितलंच नाही. एवढंसं काय सांगायचं! सहाव्या खेपेला हैबती खोलीत शिरला तेव्हा सोनबा घोंगडीवर पडून होता. गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे दिसत होते. उशाशी राख भरलेला डबा होता. सोनबाने तो घाईघाईने मागे सारला, तरी राखेवरचं लाल हैबतीला दिसलं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दोन महिने. डागदर बोलला, गावच्या हवेला जा. गेलो की साचा गेला. मग काय खायचं आम्ही? जरा उतार पडू दे, मग येतो." सोनबाने आईचं गाठोडं छातीशी धरलं होतं. तांदळाच्या पिठाचे लाडू होते. त्याने एक फोडला, तोंडात घातला, पण गिळवेना. "हैबतीदा, आयला सांगायचं नाय. जाडा झालाय असं सांग. बोल, सांगशील?"

"सोनबा, अरे..."

"ती उठून येईल इथं. या खोलीत कुठं ठेवू तिला? मला असा बघेल ती. शप्पथ घे."

हैबतीने शपथ घेतली. दया आली म्हणून घेतली, यात खोटं काही नव्हतं. पण बोटीच्या फळीवर रात्रभर बसून असताना त्याला हेही कळत होतं की तेवढंच कारण नव्हतं. ही सहावी खेप होती. शिमगा झाला की रावजीशेट पैसे घालायचे का नाही ते ठरवणार होता. राहीबाईचं घर म्हणजे त्या वाडीचं नाक. तिचं बघून पाच जणी देत. बनुबाईचं बंद दार त्याला आठवलं. आडोशाला घेऊन सांगता आलं असतं. राहीबाईला कानात सांगता आलं असतं, की बाई, उद्याच्या बोटीला चल.

त्याने अंगणात, सगळ्यांच्या देखत सांगितलं. "बरा हाय. अंगाने भरलाय. लाडू माझ्यासमोरच खाल्ला."

राहीबाईचं तोंड असं उजळलं, की हैबतीला तिच्याकडे बघवेना. त्याने ताक तसंच ठेवलं आणि पाटी उचलली.

शिमग्याला मुंबईचे सगळे गडी आले. ढोल वाजले, पालखी घरोघर फिरली. सोनबा आला नाही. राहीबाई पालखी सोडून हैबतीच्या दारात आली. "सगळ्यांना सुट्टी, मग माझ्या एकट्यालाच कशी नाय रे?"

"त्याची गिरणी वेगळी, मावशी. रजा नाय मिळाली."

"मग मलाच ने. तू आता जाशील तेव्हा मी येते तुझ्यासंगती. बोटीचे पैसे हायत माझ्याकडे. बघते आणि माघारी येते."

आवडी चुलीपाशी होती. ती वळून नवऱ्याकडे बघत राहिली. तिला त्याने काही सांगितलं नव्हतं, पण तिला वास लागला होता.

"कशाला उन्हातानाची?" हैबती म्हणाला. "समुद्र लागतो. तो बरा हाय म्हणतोय ना मी? पावसाळा सरला की निवांत नेतो तुला."

"तू बघितलायस, म्हणून ऐकते," राहीबाई म्हणाली, आणि गेली.

रावजीशेटने आपला शब्द पाळला. सहा खेपांत कुणी पुन्हा पुन्हा दिलं, कुणी सोडलं, ते सगळं त्याने तोंडी विचारून घेतलं आणि पैसे घालायला तो तयार झाला. लॉरी नाहीच; आणखी दोन माणसं आणि तिघांचं बोटभाडं, वर्षभरासाठी. तीन घरं कशी गेली तेही त्याने विचारलं. हैबतीने बनुबाईचं सांगितलं. सोनबाचं सांगितलं नाही. ती माणसं मिळायची होती, तोवर चैत्रात तो एकटाच सातव्या खेपेला निघाला. राहीबाईने या वेळी मोठं गाठोडं दिलं होतं. फणसाची सांदणं, आंब्याची कोय भाजून केलेलं चूर्ण, आणि नवी शिवलेली वाकळ. "गार लागतं त्याला पहाटे, लहानपणापासून," ती म्हणाली.

हैबती सगळ्यांच्या आधी शिवडीला गेला. वाटेत त्याने ठरवलं होतं, या वेळी सोनबाला उचलून आणायचं, पाठीवर घालून आणावं लागलं तरी आणायचं. खोलीत घोंगडीची जागा रिकामी होती आणि जमीन सारवलेली होती. एक घाटी गडी भाकरी थापत बसला होता. त्याने पीठ लागलेले हात तसेच धरून सांगितलं, "चार दिवस झाले. आम्हीच नेलं त्याला. गावाकडचं कोण आम्हाला ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, हैबतीदा येईल, त्याच्याकडे निरोप देतो. रोज विचारायचा, बोट कधीची आहे."

बाकीची गाठोडी हैबतीने त्या दिवशी दिली. कशी दिली, ते त्याला नंतर कधी आठवलं नाही.

परतीच्या वाटेवर त्याने पोलादपूर सोडल्यावर डोंगर चढता चढता सकाळची दुपार केली. राहीबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्याच्या पाटीत आपली वाकळ तशीच बांधलेली तिने पाहिली. तिला काही सांगावं लागलं नाही. ती खाली बसली. शेजारणी धावल्या, रडारड झाली. ती रडली नाही. बऱ्याच वेळाने तिने सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि हैबतीला विचारलं, "कधी?"

"चार दिवस आधी. मी पोचायच्या."

"मागल्या खेपेला तू बघितलास तेव्हा खरंच जाडा होता?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. अचानक गेला, एका रात्रीत गेला, असं म्हणता आलं असतं. तिथल्या कुणालाही ते कधी कळलं नसतं. हैबतीने मान खाली घातली. "नाय, मावशी. तेव्हाच रक्त पडत होतं. दोन महिने पडत होतं. त्याने शपथ घातली म्हणून..." आणि तिथे तो थांबला, कारण ते पुरतं खरं नव्हतं. "आणि माझी घरं जातील म्हणून."

राहीबाई म्हणाली, "मी बोटीचे पैसे काढून ठेवले होते रे." एवढंच. तिने आवाजसुद्धा चढवला नाही. मग ती वाकळ घेऊन आत गेली.

हैबतीला वाटलं, आता एकही दार उघडणार नाही. पण पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीला तो निघाला तेव्हा गाठोडी आली, आणि नेहमीपेक्षा जास्त आली. पावसात चार महिने बोट बंद. पिठं, पापड, सुकं, सगळं पाठवायला हवंच होतं, आणि हैबती पोचवतो याबद्दल कुणाला शंका नव्हती. पाटी भरून वर पोतं झालं. तो मुंबईला गेला, सगळ्यांना भेटला, सगळ्यांना नीट बघून आला. परत येऊन पहिल्या अंगणात उभा राहिला आणि सांगू लागला, "तुझा धाकटा या वेळी..." ती बाई जिन्नस मोजून घेत म्हणाली, "ठेव तिथं पडवीत." दुसऱ्या घरी तेच झालं. ठमाबाईच्या दारात तो मुद्दाम थांबला. म्हातारीने नातवाने पाठवलेला चष्मा घेतला, फडक्याने पुसला, त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. पण तिने विचारलं नाही.

त्या दिवशी एवढ्या घरांत एकीनेही विचारलं नाही, कसा हाय?

महाडला रावजीशेटला हे सांगताना हैबती पहिल्यांदा रडला. शेटने सगळं ऐकून घेतलं, सोनबाचंही. मग खाली मान घालून म्हणाला, "माल तर वाढलाय म्हणतोस. आता लॉरी चालेल, हैबती. नुसत्या मालाला लॉरी चालते. घालू का पैसे?" त्यात टोचून बोलण्यासारखं काही नव्हतं. व्यापारी माणूस होता, दिसलं ते बोलला.

"नको," हैबती म्हणाला. "ते दुसऱ्या कुणाला द्या."

दोन-तीन वर्षांनी खरंच दुसऱ्या कुणीतरी लॉरी घातली. हैबती तोवर आपल्या नाचणीच्या तुकड्यावर राबत होता. मुंबईला तो पुन्हा गेला नाही.

सोनबा गेला त्याच वर्षी आषाढात, लावणीच्या वेळी तो बैल घेऊन न सांगता राहीबाईच्या शेतात उतरला. तिचं एक भाताचं खाचर होतं आणि नांगर धरायला घरात कुणी नव्हतं. ती बांधावर येऊन उभी राहिली. जा म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. चिखलणी होऊन तो रोपं लावायला लागला तशी ती कासोटा खोचून चिखलात उतरली आणि दुसऱ्या टोकाने लावत आली. दोघं मध्यावर भेटले तेव्हा तिने जुडी त्याच्या हातात दिली आणि ती वळली. संध्याकाळी तिने पडवीत भाकरी आणि कोरड्यास ठेवलं आणि आत गेली.

पुढची चार वर्षं असंच चाललं. लावणीला आणि कापणीला तो जाई, ती भाकरी ठेवी. सोनबाचं नाव दोघांत कधी निघालं नाही. पाचव्या वर्षी ती मृगाआधीच गेली. हैबतीने खांदा दिला, घरी येऊन अंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैल घेऊन तिच्या खाचराच्या बांधावर जाऊन बसला. आवडी दुपारी त्याला हाक मारायला आली, तेव्हा बैल चरत होते आणि नांगर तसाच पडून होता.

"चला घरी," ती म्हणाली. "तिथं आता कोण हाय?"

"कोण नाय," हैबती म्हणाला, पण उठला नाही.